वहिनी गाळा चालवतात, हे कागदाला कुठं माहीत आहे?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीनशॉप आहे. फाउंड्रीवाल्यांच्या कास्टिंगचं जॉबवर्क करतो. दोन व्हीएमसी, तीन लेथ, सात कामगार. धंदा माझ्या एकट्याच्या नावावर, गाळा आईच्या नावावर. सौ. बारा वर्षं हिशोब, बँक, जीएसटी आणि कामगारांचे पगार बघते, तिला महिना 40,000 लावतो. धाकटा भाऊ शॉप सांभाळतो, त्याला 45,000. शिवाय जुन्या कर सल्लागारांच्या सांगण्यावरून तीन वर्षं आईच्या नावे 25,000 आणि सांगलीला इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलाच्या नावे 20,000 पगार टाकतोय. आता नवीन सीए म्हणतात, चौघांची नेमणूकपत्रं, हजेरी आणि पगारपत्रक आणा, त्याशिवाय ऑडिटवर सही नाही. घरच्या माणसाला कसलं आलंय नेमणूकपत्र? सौ. म्हणते, माझाच पगार बंद करा, कटकट नको. काय करावं?

– उद्यमनगरातला एक वाचक

उत्तर

दादा, नमस्कार.

नवीन सीएंवर रागावू नका. फॉर्म 3सीडी नावाचा जो ऑडिट रिपोर्ट ते भरतात, त्यात 23 व्या क्रमांकावर मालकाच्या नातेवाइकांना वर्षभरात काय काय दिलं ते नावानिशी लिहावं लागतं. खाली सही त्यांची असते. त्यांनी कागद मागितले नसते, तर मला जास्त काळजी वाटली असती.

घरच्या माणसाला नेमणूकपत्र कशाला, हा प्रश्न मी लक्ष्मीपुरीतल्या ऑफिसात तीस वर्षं ऐकते आहे. पूर्वी त्याला थोडा तरी अर्थ होता. अधिकारी इथलाच असायचा. केस निघाली की वही बगलेत मारून समोर जाऊन बसायचं. "साहेब, गाळ्यावर या, वहिनी टेबलावर दिसतील," असं सांगता यायचं, आणि एखादा खरंच येऊनही जायचा. आता तपासणी चेहराविरहित झाली आहे. नोटीस पोर्टलवर येते, उत्तर पोर्टलवरच चढवायचं, आणि ते वाचणारा माणूस देशातल्या कुठल्या शहरात बसलाय हे तुम्हाला कळत नाही. वहिनी सकाळी साडेनऊला कुलूप काढतात हे अख्ख्या उद्यमनगराला ठाऊक असेल. त्याला ठाऊक नाही. त्याच्यापुढे फक्त पीडीएफ असतात.

तुमचे चारही पगार त्याच्या नजरेनं बघू. तो दोन वेगवेगळे प्रश्न विचारतो, आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. पहिला प्रश्न असा, की हा पगार धंद्याचा खर्च म्हणून मान्य होतो का? दुसरा, की मान्य झाला तरी ते उत्पन्न कर लावताना कोणाचं धरायचं? भावाच्या बाबतीत फक्त पहिला प्रश्न आहे. वहिनींच्या बाबतीत दोन्ही आहेत. आई आणि मुलगा पहिल्यालाच अडकतात.

आधी भाऊ, कारण तो सोपा. आयकर कायद्याचं कलम 40ए(2) म्हणतं, की नातेवाइकाला दिलेली रक्कम त्या कामाच्या बाजारभावापेक्षा अवाजवी असेल, तर जेवढी जास्त तेवढी खर्चातून काढून टाकायची. सगळी नव्हे, वरचीच. पत्रासोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय, की तुमचा बाहेरचा सेटर 28,000 घेतो. मग अधिकारी सरळ विचारणार, भावाला 17,000 जास्त का? तुम्हाला उत्तर पाठ आहे. भाऊ प्रोग्रॅम लिहितो, नवीन जॉबचं फिक्स्चर ठरवतो, रिजेक्शन आलं की फाउंड्रीत जाऊन भांडतो, रात्रपाळीला मशीन बंद पडलं तर उठून येतो. हे एका पानावर उतरवा. शेजारच्या एखाद्या शॉपमध्ये असंच काम करणाऱ्याला काय देतात, याची चौकशी करून त्याचा कागद फाईलला लावता आला तर सोन्याहून पिवळं. नोकरीच्या जाहिरातीचं कात्रणही चालतं. त्यात पगाराचा आकडा असला म्हणजे झालं.

आणि हे न लिहिल्याचा तोटा दुहेरी असतो. समजा त्यानं महिना 10,000 अवाजवी ठरवले. वर्षाचे 1,20,000 तुमच्या नफ्यात परत येतील, तुम्ही त्यावर कर भराल. पण भावाच्या विवरणपत्रात पगार 5,40,000 च राहतो. एकाच रकमेची मोजणी दोन घरांत होते, आणि ती दुरुस्त करून द्यायची कायद्यावर सक्ती नाही.

जाता जाता एक गंमत. या कलमापुरती 'नातेवाईक' या शब्दाची व्याख्या आपल्या लग्नपत्रिकेपेक्षा फार आखूड आहे. नवरा, बायको, भाऊ, बहीण, आणि सरळ रेषेतले वरचे व खालचे, म्हणजे आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं. संपली यादी. सून त्यात नाही, मेहुणा नाही, पुतण्या नाही. म्हणून उद्या भावजयीला कामावर घेतलंत, तर 40ए(2) तिला लागत नाही. पण काम खरं आणि धंद्यासाठी असावं ही सर्वसाधारण अट तिलाही आहेच, त्यामुळे कागदांतून सुटका नाही.

आता आई आणि मुलगा. इथं मी गोड बोलणार नाही. हे पगार खर्चात धरू नका.

मुलाची हजेरी सांगलीच्या कॉलेजात लागते. तिथं 75 टक्के हजेरी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि त्याच महिन्यांत तो कोल्हापुरात पूर्णवेळ पगार घेतोय. दोन्ही कागद एका टेबलावर आले तर तुमच्याकडे उत्तर काय? सुट्टीत तो खरंच गाळ्यावर बसत असेल, ड्रॉइंगवरून मोजमापं तपासत असेल, तर त्या दीड-दोन महिन्यांचा पगार बिनधास्त द्या. नवख्या पोराला तुम्ही जो द्याल तोच. त्याची हजेरी लावा आणि सुट्टी संपली की थांबवा. असा तुटक पगार बघितला की उलट विश्वास बसतो.

आईंच्या बाबतीत मला माझ्या एका जुन्या अशिलाची आठवण येते. त्यांनी सत्तरी ओलांडलेल्या आईला 'सुपरवायझर' केलं होतं. तपासणीत तिच्या बँक खात्याचा उतारा मागवला गेला. दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा, तीन तारखेला तेवढीच रक्कम मुलाच्या खात्यात परत. खात्याला मोबाईल नंबरही मुलाचाच. अधिकाऱ्यानं आईच्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. तो उतारा पुरेसा होता. विवरणपत्र तयार करताना तो उतारा मी आधी मागवला नव्हता, ही चूक माझीही होती.

तुमच्या आईंकडे मात्र एक खरी गोष्ट आहे आणि तुम्ही ती वापरतच नाही. गाळा त्यांच्या नावावर आहे! त्यांना भाडं द्या. पगाराला काम दाखवावं लागतं, भाड्याला मालकी पुरते. उद्यमनगरात तेवढ्या गाळ्याला जे भाडं चालतं तेच धरायचं, कारण 40ए(2) भाड्यालाही लागतं. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवावा लागतो, तो नोंदवून घ्या आणि करार झाल्याच्या महिन्यापासूनच भाडं सुरू करा, मागच्या तारखेनं नको. समजा 15,000 ठरलं. वर्षाचे 1,80,000 तुमचा खरा खर्च. आईंना त्यातून घरपट्टी आणि उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. त्यांचं दुसरं उत्पन्न नसेल तर कराचा प्रश्नच येत नाही. एक बारीक काटा आहे. आई जीएसटीत नोंदलेल्या नाहीत आणि तुम्ही नोंदलेले आहात, त्यामुळे व्यापारी गाळ्याच्या भाड्यावरचा 18 टक्के जीएसटी 10 ऑक्टोबर 2024 पासून तुम्हीच रिव्हर्स चार्जनं भरायचा असतो. 15,000 वर 2,700. त्याचं क्रेडिट तुम्हाला परत मिळतं, म्हणून खिशाला चाट नाही, पण वहिनींना दर महिन्याच्या रिटर्नमध्ये एक ओळ वाढेल.

अजून एक, जे जुन्या सल्लागारांनी तुम्हाला सांगितलं नसणार. सात कामगार, भाऊ आणि वहिनी मिळून नऊ होतात. आई आणि मुलगा धरले की अकरा. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा, तो दहा माणसं झाली की लागू होतो, आणि तपासायला आलेला माणूस पगारपत्रकावरची नावं मोजतो. म्हणजे कर वाचवायला घातलेली दोन कागदी माणसं तुम्हाला वेगळ्याच कायद्याच्या दारात नेऊन उभी करतात.

आता वहिनी. इथं जरा थांबून वाचा, कारण खरा पेच इथं आहे आणि तो नेमणूकपत्रानं सुटत नाही.

काम खरं आहे, बारा वर्षांचं आहे, 40,000 अवाजवीही वाटत नाहीत. म्हणजे पहिला प्रश्न सुटला आणि 4,80,000 खर्च मान्य झाला. पण कलम 64 म्हणतं, की ज्या धंद्यात नवऱ्याचा मोठा वाटा आहे, त्या धंद्यातून बायकोला मिळालेला पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचा. बायकोच्या धंद्यातून नवऱ्याला मिळाला तर उलट. नफ्यात 20 टक्के हक्क असला की तो मोठा वाटा. तुमचा शंभर टक्के आहे. यातून सुटायची एकच वाट, ती म्हणजे जोडीदाराकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असणं आणि मिळकत केवळ त्या ज्ञानाची आणि अनुभवाची असणं.

बारा वर्षांचा अनुभव म्हणजे पात्रता का? आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं एकदा उदार अर्थ लावला होता, की पदवी-प्रमाणपत्रच हवं असं नाही. पण आपण मुंबई उच्च न्यायालयाखाली येतो, आणि तिथं एका डॉक्टरांचं प्रकरण गेलं होतं. त्यांच्या पत्नी दवाखान्यात स्वागतकक्ष आणि हिशोब सांभाळायच्या. त्यांचा पगार डॉक्टरांच्याच उत्पन्नात धरला गेला. (ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच आपल्या गावात आलं म्हणून हा निकाल बदलत नाही.)

म्हणून वहिनींना विचारा, शिक्षण काय? बी.कॉम. आहेत का? टॅली, जीएसटी किंवा कर आकारणीचा रीतसर कोर्स केलाय का? लग्नाआधी कुठं अकाउंट्सची नोकरी केली होती का? बी.कॉम. आणि कोर्स असेल आणि काम खरोखर हिशोबाचंच असेल, तर बाजू मांडता येते. ती पक्की नाही, पण मांडता येते. काहीच नसेल तर वाद घालू नका. पगार तुमच्या उत्पन्नात मिळवून दाखवा. तुमच्या विवरणपत्रात त्यासाठी शेड्यूल एसपीआय नावाचा वेगळा तक्ता असतो.

आकड्यांत बघू, म्हणजे नेमकं किती अडकलंय ते कळेल. तुम्ही चिठ्ठीत लिहिलंय, की घरचे पगार वजा करण्याआधी 2025-26 चा नफा 24 लाख आहे. चौघांचे मिळून 15,60,000 वजा केले की उरतात 8,40,000. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत असल्यामुळे कर शून्य. जुन्या सल्लागारांची सगळी कारागिरी या शून्यासाठी होती.

आता खऱ्या हिशोबानं करू. भावाचे 5,40,000 आणि वहिनींचे 4,80,000 वजा, आई-मुलाचं काही नाही. धंद्याचं उत्पन्न 13,80,000. वहिनींच्या पगारातून त्यांची 75,000 ची प्रमाणित वजावट काढली की 4,05,000 उरतात, ते तुमच्यात मिळवायचे. एकूण 17,85,000. त्यावर कर 1,57,000, वर 4 टक्के उपकर धरून 1,63,280. आणि वहिनींची पात्रता टिकली, तर उत्पन्न 13,80,000 वरच थांबतं आणि उपकरासह कर 90,480 होतो. म्हणजे वहिनींच्या त्या प्रमाणपत्राची किंमत या वर्षापुरती 72,800 रुपये आहे. जुनी ट्रंक उघडून शोधण्याइतकी नक्कीच आहे.

1,63,280 बघून पोटात गोळा आला असेल. पण शून्य दाखवून पुढं केस निघाली, तर हाच कर व्याजासकट द्यावा लागतो. शिवाय पुरावा नसलेला खर्च दाखवणं हे कायद्यात उत्पन्न चुकीचं दाखवण्यात मोडतं, आणि त्या भागावरच्या कराच्या 200 टक्के दंड होतो. आई आणि मुलाच्या पगाराला हे तंतोतंत लागू पडतं.

मग पार्टनरशिप करू का, असं विचाराल. फर्मला पहिल्या रुपयापासून 30 टक्के सरसकट कर आहे. तुमच्या आकारमानाला मी तरी घाई करणार नाही.

आणि पुढच्या वर्षी ऑडिट नको म्हणून अंदाजित नफ्याच्या योजनेत जायचा विचार असेल, तर एवढं लक्षात ठेवा. तिथं उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा धरला की त्यातून पगार वेगळे वजा होत नाहीत. मग वहिनींचा पगार तुमचा कर एक रुपयानंही कमी करत नाही, उलट कलम 64 नं तो तुमच्या डोक्यावर परत येऊन बसतो.

आता कागद. नेमणूकपत्राला वकील लागत नाही. मात्र मागच्या तारखेचं पत्र करू नका. 2013 ची तारीख टाकून आजच्या लेटरहेडवर टाईप केलेलं पत्र लगेच पकडलं जातं. लेटरहेडवर जीएसटी नंबर असतो आणि जीएसटी आला 2017 मध्ये. असले नमुने मी पाहिलेत. आजची तारीख घाला आणि खरं तेच लिहा. साधारण असं:

"आपण 2013 सालापासून या आस्थापनेत हिशोब विभागाचं काम पाहत आहात. आजपासून आपल्या कामाच्या अटी लेखी स्वरूपात ठेवत आहोत. काम: खरेदी-विक्री बिलांच्या नोंदी, बँक जुळवणी, जीएसटी विवरणांची तयारी, कामगारांचं पगारपत्रक. वेळ: सकाळी 9.30 ते 5.30, साप्ताहिक सुट्टी एक दिवस. पगार: दरमहा रु. 40,000, पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत बँक खात्यात."

खाली तुमची सही आणि वहिनींची सही. भावाचंही असंच, त्याच्या कामासकट. घरी हसतील, हसू द्या.

हजेरीला वेगळी वही काढू नका. कामगारांच्याच हजेरीपटात दोघांची नावं घाला. घरच्यांसाठी खास वही असली की ती मार्चमध्ये एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेली असते आणि तसं दिसतंही. पगारपत्रकही सगळ्यांचं एकच. वहिनी चार दिवस माहेरी गेल्या तर चार दिवस रजा दिसली पाहिजे. वर्षभर एकही रजा नसलेली सून कोल्हापुरात कोणी पाहिलीय?

पगार दर महिन्याला, कामगारांच्याच दिवशी, बँकेतून त्यांच्या एकट्याच्या खात्यात. रोख नको. एका दिवसात एका माणसाला 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्चच उडतो. मार्च अखेरीला 'पगार देणे 4,80,000' अशी एकच जमाखर्ची नोंद तर अजिबात नको, ती बघितली की अधिकारी पुढची पानं जास्त लक्ष देऊन वाचतो. आणि खात्यात गेलेले पैसे तिथं राहू द्या. घरखर्चाला वहिनी वापरतील, मुलाची फी भरतील, सोनं घेतील, ते त्यांचं. ते परत तुमच्या चालू खात्यात आले नाहीत म्हणजे झालं. एटीएम कार्डही त्यांच्याच पर्समध्ये हवं.

व्यवसाय कराचा कागद फुकटात मिळणारा साक्षीदार आहे. भावाच्या आणि वहिनींच्या पगारातून महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 कापून भरा. बायकांना 25,000 पर्यंत हा कर नाही, पण वहिनी त्याच्या वर आहेत. वर्षाला माणशी 2,500 रुपयांत सरकारदरबारीच महिन्या-महिन्याची नोंद तयार होते. टीडीएसचं म्हणाल तर पगारावरच्या टीडीएसला उलाढालीची मर्यादा नाही, छोट्या मालकालाही तो लागू आहे. फक्त भावाच्या 5,40,000 वर आणि वहिनींच्या 4,80,000 वर नव्या रचनेत करच येत नाही, म्हणून कापायचं काही नाही. तसा हिशोब दर एप्रिलला एका कागदावर मांडून, त्यांची सही घेऊन ठेवा.

याहून बोलका पुरावा मात्र कामातच पडलेला असतो. टॅलीत वहिनींचा स्वतःचा युजर आहे का? सगळे तुमच्याच नावानं लॉगिन करत असाल तर आजच बदला. फाउंड्रीकडून आलेल्या कास्टिंगच्या चलनावर माल मिळाल्याची सही भावाची असते ना? ती चलनं रद्दीत देऊ नका. बँकेला आणि ग्राहकाला जाणारे मेल वहिनींच्या नावाच्या आयडीवरून जाऊ देत. पोर्टलवर उत्तर द्यायची वेळ आलीच, तर वेगवेगळ्या महिन्यांतली अशी दहा-बारा चलनं नेमणूकपत्रापेक्षा जास्त काम करतात.

यंदाची पुस्तकं अजून बंद झालेली नाहीत, हे तुमचं नशीब. आई आणि मुलाच्या नावे गेलेल्या रकमा 30 सप्टेंबरच्या ऑडिट मुदतीआधी सीएंना सांगून तुमच्या उचलीत वळवा. धंद्यातून घरी नेलेले पैसे म्हणून त्या नोंदल्या जातील, गुन्हा काही नाही. मागच्या दोन वर्षांचं काय, तर तपासणी सुरू व्हायच्या आत अद्ययावत म्हणजे अपडेटेड विवरणपत्र भरता येतं. 2024-25 चं मार्च 2027 च्या आत भरलं तर कर आणि व्याजावर 25 टक्के जादा, 2023-24 ला आता 50 टक्के. उशीर झाला की हा टक्का चढतो. त्या वर्षांत सवलतीची मर्यादा 7 लाखच होती, तेव्हा आकडा सीएंकडून काढून घ्या आणि मग ठरवा. त्यात वहिनींचा पगारही मिळवायला विसरू नका.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आलाय. कलमांचे क्रमांक बदललेत, मी वर दिलेले 1961 च्या कायद्याचे आहेत आणि 2025-26 चा हिशोब त्यानंच होणार. बायकोचा पगार मिळवण्याचा आणि नातेवाइकांच्या अवाजवी रकमेचा नियम नव्यातही आहे, म्हणून कोणी "आता ते गेलं" म्हणालं तर ऐकू नका.

राहिला वहिनींचा प्रश्न. वहिनी, पगार बंद करू नका. कर दादांच्या डोक्यावर गेला तरी पैसे तुमच्याच खात्यात येतात, आणि कलम 64 तुमच्या पगारावरच थांबतं. त्या पगारातून तुम्ही ठेव ठेवलीत तर तिचं व्याज तुमचं उत्पन्न, दादांचं नाही. म्हणून पगाराचं खातं वेगळं ठेवा, घरातले दुसरे पैसे त्यात मिसळू नका. आणि ते टॅलीचं प्रमाणपत्र सापडलं तर त्याची झेरॉक्स आधी सीएंकडे पाठवा.